वाढदिवसाआधीचे पंधरा दिवस

डेटिंग ॲपवर नाव नोंदवताना आपण वय लिहीत नाही, जन्मतारीख लिहितो. पुढचं ॲप बघून घेतं. वाढदिवस आला की नावापुढचा आकडा आपोआप एकाने वाढतो. फोटो तेच, नोकरी तीच, आवडीनिवडी त्याच; फक्त २९चे ३० होतात. तरीही हा आकडा बदलायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस अनेकांना फार जड जातात. एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा ॲप उघडणारी माणसं या दिवसांत रात्री बारा-एकपर्यंत चेहरे सरकवत बसतात. उजवीकडे सरकवला की होकार, डावीकडे सरकवला की नकार, आणि दोन्ही बाजूंचे होकार जुळले की ‘मॅच’. या घाईला ‘पॅनिक स्वाइपिंग’ असं नावही पडलं आहे. मला त्या पंधरा दिवसांबद्दलच लिहायचं आहे, कारण त्या दिवसांत केलेल्या निवडी वाढदिवसानंतरही बराच काळ अंगावर राहतात.

पुण्यात बाणेरला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. हे चित्र कुणा एकीचं नाही. या वयाच्या मुलींकडून जे पुन्हा पुन्हा कानावर येतं, त्यातून ते जुळवलेलं आहे. मूळ गाव सातारा, आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम, तिशी तीन आठवड्यांवर आलेली. रविवारी आईचा फोन येतो, मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाचं बोलणं होतं आणि फोन ठेवता ठेवता आई म्हणते, “आता तिशी लागेल गं तुला. मावशी विचारत होती, तिचं काही चाललंय की नाही म्हणून.” आई रागावलेली नसते, काळजीनेच बोलते, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. त्या रात्री साडेदहाला मुलगी अंथरुणावर आडवी होते आणि ॲप उघडते.

पहिला अर्धा-पाऊण तास ती कडक परीक्षक असते. याने सगळ्या फोटोंत गॉगल लावलाय म्हणून नको, त्याने फिरायला आवडतं असं लिहिलंय पण ते तर सगळेच लिहितात म्हणून नको, तिसरा तिच्यापेक्षा जेमतेम दोन इंच उंच म्हणून नको. एका चेहऱ्याला पाच सेकंद धरले तर अर्ध्या तासात ३६० माणसं नजरेखालून जातात. इतक्या माणसांना नकार दिल्यावर मनात एकच गोष्ट उरते, की आपल्याजोगं कुणीच नाही. साडेअकराच्या सुमाराला मग सगळं उलटं होतं. तीच मुलगी तशाच चेहऱ्यांना उजवीकडे सरकवू लागते. पत्ता नाशिकचा, चालेल. ‘काय हवंय ते अजून ठरलं नाही’ असं लिहिलंय, बघू. सिगारेट ओढतो, भेटल्यावर बोलू. सकाळी उठते तेव्हा फोनवर सात मॅच असतात आणि त्यातल्या निम्म्यांना आपण होकार कशासाठी दिला हे तिला आठवत नाही.

या दोन्ही टोकांचा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समधल्या टिला प्रॉंक आणि याप डेनिसन या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की एकामागून एक प्रोफाइल बघत जाणारा माणूस हळूहळू नकाराच्या मनःस्थितीत जातो. पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्यापर्यंत होकाराची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. चेहरे वाईट होत गेले नव्हते, बघणाऱ्याचं मन मिटत गेलं होतं. म्हणजे ‘इथे कुणीच धड नाही’ हा रात्री अकराचा निष्कर्ष माणसांबद्दल फारसं काही सांगत नाही. आपण सलग किती वेळ बघत बसलो, तेवढंच सांगतो.

दुसऱ्या टोकाबद्दल मला जास्त काळजी वाटते. कॅनडात टोरांटो विद्यापीठात स्टेफनी स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एकटं राहण्याच्या भीतीवर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्यांच्या मनात ही भीती जास्त होती, त्यांना समोरच्याच्या प्रोफाइलमधून आस्था कमी दिसत असली तरी त्याच्यात रस वाटत होता. स्पीड डेटिंगमध्येही ते कमी चोखंदळ होते. आणि असमाधानी नात्यात असतील, तर ते नातं स्वतः मोडायला तयार नव्हते. ही भीती फक्त बायकांना असते हा समजही या अभ्यासात टिकला नाही, पुरुषांमध्येही ती तशीच आढळली. यातला ‘आस्था’ हा भाग नीट लक्षात घ्यायला हवा. उंची, पगार, गाव यांत माणूस थोडं इकडेतिकडे करतो, ती व्यवहारातली तडजोड झाली. पण समोरचा आपलं बोलणं ऐकतो का, आपण काही विचारलं तर उत्तर देतो का, यावर पाणी सोडलं तर पुढे त्या नात्यात राहायचं कशाच्या आधारावर? घाईत पहिल्यांदा सुटते ती नेमकी हीच अट, कारण ती फोटोत दिसत नाही.

बाणेरच्या मुलीच्या चॅटमध्ये हे उघड दिसतं. ती लिहिते, “तुझ्या हरिश्चंद्रगडाच्या फोटोत कोकणकडा दिसतोय ना? मी पावसाळ्यात गेले होते, धुक्यात काहीच दिसलं नाही. तू कधी गेला होतास?” सहा तासांनी उत्तर येतं, “हो. नाइस. तू काय करतेस?” ती पुन्हा चार ओळी लिहिते. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, “मस्त.” एरवी तिने हे संभाषण तिथेच सोडून दिलं असतं. आता ती मैत्रिणीला सांगते की तो कामात असेल. मनातली घाई ओळखायची असेल तर इथे बघावं. समोरच्याच्या एका शब्दाला आपण परिच्छेद लिहीत असू आणि त्याच्या वतीने सबबीही आपणच शोधत असू, तर आपण माणूस निवडत नसतो, तारखेच्या आत काहीतरी जुळवत असतो. आणखीही खुणा आहेत. कालच्या मॅचचं नाव आज आठवत नाही. वयाची मर्यादा एका आठवड्यात तीनदा बदलली जाते. आपल्या प्रोफाइलमधलं ‘मला लग्न करायचं आहे’ हे वाक्य, लोक पळतील म्हणून, काढून टाकलं जातं.

हे शेवटचं फार महाग पडतं. हिंजसारख्या ॲपवर आपण काय शोधतो आहोत ते सांगायला स्वतंत्र रकाना असतो, ‘आयुष्यभराची साथ’पासून ‘अजून ठरवतो आहे’पर्यंत. वाक्य काढल्यावर मॅच वाढतात हे खरं, पण वाढतात ते लग्न नको असलेले किंवा न ठरलेले. मग दीड महिना बोलून, चारदा भेटून जे कळतं, ते पहिल्याच दिवशी त्या एका ओळीने कळलं असतं. वेळ हातातून जातो आहे या भीतीने केलेल्या गोष्टीतच सगळ्यात जास्त वेळ जातो.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला पुढे कोण दाखवायचं, हे ठरवताना ॲप आपले आधीचे होकार-नकार विचारात घेतं. नेमकं गणित कंपन्या उघड करत नाहीत, पण आपण कुणावर थांबलो, कुणाला लाइक केलं, कुणाशी बोललो, ही माहिती त्यात वापरली जाते. रात्री बारा वाजता रडवेल्या मनाने दिलेला होकार आणि रविवारी सकाळी चहा पिता पिता विचार करून दिलेला होकार यांतला फरक ॲपला कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही तुमची आवडच. म्हणून पॅनिकचे पंधरा दिवस संपल्यावरही ‘नाशिकचे, न ठरलेले, सिगारेट ओढणारे’ समोर येत राहिले, तर त्यात नवल नाही.

तिशी लागली की ॲपवर नेमकं काय बदलतं, हेही एकदा शांतपणे पाहू, कारण भीतीचं मूळ बरंचसं तिथे आहे. प्रत्येकाने आपल्याला कोणत्या वयाची माणसं बघायची आहेत याची मर्यादा लावलेली असते. ज्याने वरची मर्यादा २९वर ठेवली आहे, त्याला वाढदिवसानंतर ही मुलगी दिसणार नाही. ‘फिल्टरमधून बाहेर पडणं’ म्हणतात ते हेच, आणि ते खरं आहे. पण ज्यांनी ३०, ३२ किंवा ३५ लावले आहेत त्यांना ती कालच्यासारखीच दिसत राहील. शिवाय मर्यादा नेहमी पक्की नसते. हिंजवर ती ‘डीलब्रेकर’ म्हणून मुद्दाम पक्की करावी लागते, आणि बंबलवर जवळची माणसं संपली तर मर्यादेच्या थोडं बाहेरचीही दाखवायची सोय असते. राहता राहिला तो माणूस, ज्याला २९ वर्षं ११ महिन्यांची मुलगी चालते आणि तिशीची चालत नाही. तो यादीतून गेल्याचं दुःख किती करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते अजिबात करू नये.

वय कमी लिहिणं हा यावरचा उपाय नाही. दोन वर्षं कमी करून लिहिलं की पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत ते सांगावं लागतं, आणि समोरच्याच्या मनात वयापेक्षा खोटेपणा राहतो.

या भीतीवर पैसाही उभा राहिला आहे. टिंडरने २०१५ साली ‘टिंडर प्लस’ ही सशुल्क सेवा आणली तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना महिन्याला ९.९९ डॉलर आणि तिशीपुढच्यांना १९.९९ डॉलर असा दर होता. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१८ साली हा प्रकार तिथल्या भेदभावविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, आणि वयानुसार दर लावणं पुढे कंपनीने थांबवलं. पण ‘बूस्ट’ची सोय आजही आहे. पैसे भरले की अर्धा-एक तास आपलं प्रोफाइल जास्त लोकांपुढे येतं. वाढदिवसाच्या आठवड्यात बूस्ट विकत घेण्याचा मोह होतो, पण त्यातून वाढते ती फक्त बघणाऱ्यांची संख्या. सात मॅचच्या जागी वीस येतात, आणि सातांशी नीट बोलणंही आपल्याला जमत नव्हतं.

घाई भामट्यांनाही ओळखता येते. ओळख होताच चार दिवसांत लग्नाची भाषा करणारा, परदेशात असल्याचं सांगून व्हिडिओ कॉल टाळणारा, आणि मग गुंतवणुकीची एखादी ‘खात्रीची’ योजना पुढे करणारा माणूस दिसला, तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मग तिशीचीच इतकी धास्ती का? अमेरिकेतल्या ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड यांनी २०१४ साली एक निरीक्षण मांडलं, की २९, ३९, ४९ अशा नऊवर संपणाऱ्या वयांत माणसं आयुष्याचा हिशोब जास्त मांडतात आणि काहीतरी मोठं करून टाकायला बघतात. कुणी पहिली मॅरेथॉन धावतं, तर कुणी विवाहबाह्य संबंधांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधकाने त्यांची आकडेवारी तपासून परिणाम वाटतो तितका ठाम नाही असा आक्षेप घेतला, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी एवढं प्रत्येकाला अनुभवाने माहीत आहे, की दशकाचा आकडा मनाला टोचतो. आपल्याकडे त्याला स्थळांच्या बाजाराची जोड मिळते. बायोडेटावर जन्मतारीख आणि जन्मवेळ सगळ्यात वर असते, आणि ‘तिशीच्या आत’ हे शब्द मंडळाच्या नोंदवहीपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरत असतात. मुलगा असेल तर ही रेघ पस्तिशीच्या आसपास सरकते आणि वयाबरोबर घराचा हप्ता, नोकरीचं गाव, मागे हटलेले केस यांचीही मोजणी होते. चौतिसाव्या वर्षाच्या शेवटी शंभर मुलींना एकच मजकूर चिकटवून पाठवणारा मुलगा त्याच भीतीत असतो.

या धास्तीत एक प्रश्न खरा असतो, आणि तो आकड्याच्या आड दडलेला असल्यामुळे त्याच्याकडे कुणी सरळ बघत नाही. तो म्हणजे मूल. बाईची गर्भधारणेची क्षमता वयाबरोबर कमी होते, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण ती तिसाव्या वाढदिवसाला कोसळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार बत्तिशीच्या सुमारास ती हळूहळू उतरू लागते आणि सदतिशीनंतर उतार जास्त वेगाने होतो. मूल हवं आहे आणि त्याचीच चिंता रात्री झोपू देत नाही, अशा मुलीने त्या चिंतेचं उत्तर डेटिंग ॲपवर शोधू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी. पाळी, थायरॉइड, घरात कुणाला लवकर रजोनिवृत्ती आली का, हे सगळं तिथे बोलावं. एएमएच नावाची रक्ताची तपासणी अलीकडे सर्रास करतात. ती अंडाशयातल्या उरलेल्या साठ्याचा अंदाज देते, पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे ती सांगू शकत नाही. म्हणून नुसता रिपोर्ट बघून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. बीजांडं गोठवून ठेवण्याचा मार्ग आपल्याकडे अविवाहित स्त्रीलाही खुला आहे. २०२१च्या कायद्याने सहायक प्रजननाच्या उपचारांसाठी स्त्रीची वयोमर्यादा २१ ते ५० अशी ठेवली आहे. पण तो मार्ग खर्चिक आहे, त्यात इंजेक्शनं आणि छोटी शस्त्रक्रिया येते, आणि पुढे मूल होईलच अशी हमी त्यात नाही. गोठवतानाचं वय आणि मिळालेल्या बीजांडांची संख्या यांवर बरंच अवलंबून असतं. हे सगळं समजून घेतलं की मुलाचा प्रश्न डॉक्टरांशी बोलायचा प्रश्न होतो, आणि समोर आलेल्या प्रत्येक मुलाकडे ‘हा वेळेत मिळेल का’ अशा नजरेने बघणं कमी होतं.

आता बाणेरच्या मुलीने काय वेगळं करावं? पहिली गोष्ट सगळ्यात सोपी, पण करायला जिवावर येते. वाढदिवसाच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा ॲप बंद ठेवायचं. काढून टाकायचं नाही, फक्त थांबवायचं. हिंजवर ‘पॉज’ आहे, बंबलवर ‘स्नूझ’ आहे, टिंडरवर आपण नव्या लोकांना दिसणं बंद करता येतं. हिंज पॉज केलं तरी आधीच्या मॅचशी बोलणं चालू राहतं, त्यामुळे कुणाला अर्ध्यावर सोडल्यासारखं होत नाही. हे तीन आठवडे गेल्याने काय गमावलं जातं? ज्या रात्री नुसत्या थकून जायच्या, त्या. जो माणूस खरोखर जुळणारा आहे, तो बावीस दिवसांनीही त्याच शहरात असतो.

या सुट्टीत एक काम करायचं, तेही दिवसाउजेडी. तीन अटी कागदावर लिहायच्या. तीनच. आणि प्रत्येक अट अशी हवी, की पहिल्या दोन-तीन भेटींत विचारून किंवा बघून तिचं उत्तर मिळेल. ‘समजूतदार हवा’ याचं उत्तर कुणीच ‘नाही’ असं देणार नाही, म्हणून ती अट कामाची नाही. तिने लिहिल्या त्या अशा: दोन वर्षांत लग्न करण्याचा विचार हवा, लग्नानंतर माझी नोकरी आणि शहर याबद्दल आजच स्पष्ट बोलायची तयारी हवी, माझ्या प्रश्नांची उत्तरं देणारा आणि उलट प्रश्न विचारणारा हवा. उंची, जात, गॉगल यांतलं काहीच त्यात आलं नाही. घरच्यांना जात महत्त्वाची असेल, तर तो वाद घरच्यांशी वेगळा घालायचा; फिल्टरमध्ये तो गुपचूप सोडवायचा नाही, असं तिने ठरवलं. मला तिचं हे ठरवणं पटतं.

ॲप पुन्हा सुरू केल्यावर वेळ बांधून घ्यायची. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर वीस मिनिटं, आणि जेवणानंतर ॲप उघडायचं नाही. हिंजवर फुकटात दिवसाला मोजकेच लाइक मिळतात, याची लोक तक्रार करतात. घाईत असलेल्या माणसाला ती मर्यादा मदतच करते. लाइक देताना फोटोवर नुसतं हार्ट ठेवण्यापेक्षा त्या माणसाने लिहिलेल्या एखाद्या ओळीवर प्रश्न विचारायचा. उत्तर देण्यालायक काहीच दिसलं नाही, तर लाइकच द्यायचं नाही. एका वेळी तिघांशीच बोलायचं. चौथ्याला जागा करायची तर आधी एकाला नीट कळवून थांबायचं: “आपलं जुळेल असं मला वाटत नाही, तुला शुभेच्छा.” एवढी एक ओळ पाठवायला अर्धं मिनिट लागतं आणि समोरचा माणूस आठवडाभर वाट बघत राहत नाही.

बोलणं लांबवू नये. चॅटवर तीन आठवडे गप्पा मारून मनात एक माणूस उभा राहतो आणि भेटतो तो दुसराच. म्हणून आठवड्याच्या आत दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि तो ठीक झाला तर पुढच्या आठवड्यात भेट. भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, तासाभराची. जेवण नको, चहा-कॉफी पुरे, म्हणजे नाही पटलं तर दोघंही अवघडत नाहीत. कुठे जातोय हे एका मैत्रिणीला सांगून जायचं, जाण्याआधी प्रोफाइल तिला दाखवायचं. आधीच्या पिढीत स्थळ मामा किंवा शेजारच्या काकू आणत, त्यामुळे त्या माणसाबद्दल कुणाला तरी काही ठाऊक असे. ॲपवर मधला माणूसच नसतो. मैत्रीण ती जागा थोडी भरून काढते. “हा तुला उत्तरंच देत नाहीये” हे तिला दोन मिनिटांत दिसतं.

ॲपच्या बाहेरचे रस्तेही बंद करू नयेत. ट्रेकिंगचा ग्रुप, हौशी नाटकाची तालीम, सोसायटीची गणपतीची समिती, अशा ठिकाणी तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. तिथे माणूस कामात कसा आहे ते दिसतं: उशीर झाला तर फोन करतो का, चूक झाली तर मान्य करतो का, दुसऱ्याच्या वाट्याची सतरंजी उचलतो का. लग्न ठरवायच्या उद्देशाने तिथे जाऊ नये, ते लोकांच्या लगेच लक्षात येतं आणि अवघडतं. वधू-वर सूचक मंडळाची वाटही मोकळी ठेवायला हरकत नाही. तिथे निदान लग्नाचा विषय पहिल्या दिवसापासून उघड असतो.

घरच्यांशी मात्र एकदा बसून बोलावं लागतं, आणि ते फोनवरच्या भांडणात होत नाही. बाणेरची मुलगी दिवाळीला साताऱ्याला गेली तेव्हा तिने आईला सांगितलं, “आई, मी बघतेय. खरंच बघतेय. पण दर रविवारी तू विचारलंस की मी सोमवारी कुणालाही हो म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आपणहून तुला सगळं सांगत जाईन. मधल्या रविवारी विचारू नकोस.” आई म्हणाली, “आणि मावशी?” “मावशीला तू सांग.” आईने तो करार पाळला, दोनदा चुकली, पण पाळला. काळजी करणाऱ्या आईवडिलांना एवढं सुचवावंसं वाटतं, की विचारायची तारीख ठरवून घ्या. त्याने तुमचं विचारणं बंद होत नाही, आणि मुलीला किंवा मुलाला आठवडाभर त्या प्रश्नाच्या धाकात राहावं लागत नाही.

वाढदिवसानंतरच्या दोन महिन्यांत ती चौघांना भेटली. दोघांना एकेकदाच. तिसऱ्याला तीनदा, आणि तो तिला मनापासून आवडला होता. तो प्रश्न विचारायचा, उत्तरं लक्षात ठेवायचा, वेळेवर यायचा. तिसऱ्या भेटीत तिने कागदावरची दुसरी अट बोलून दाखवली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, की वडिलांचं दुकान कोल्हापूरला आहे, दोन वर्षांत त्याला तिकडे जावंच लागेल आणि बायकोनेही तिथेच असावं अशी त्याची अपेक्षा आहे. तिचं काम पुण्यात होतं आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती. दोघांनी आणखी अर्धा तास त्यावर बोलून पाहिलं, मार्ग निघाला नाही. पहिल्या मेसेजपासून इथपर्यंत सव्वा महिना गेला होता. तिला वाईट वाटलं, दोन दिवस तिने ॲप उघडलं नाही. मग तिने चौथ्याला भेटायची वेळ ठरवली.